पडद्याचा आकडा भिंतीतून का निघतो?

जाड पडदे लावून काही महिने झाले की बऱ्याच घरांत एक गंमत दिसते. पडदे ठाकठीक, रॉड जागच्या जागी, पण पडदा बाजूला अडकवायचा पितळी आकडा मात्र मान टाकलेला. त्याच्याभोवती प्लास्टरची रुपयाएवढी खपली निघालेली असते आणि भोकातून पांढरी भुकटी सांडत असते. मग पडदेवाल्याला दोष दिला जातो, नाहीतर आकड्याला. खरा दोष बहुतेक वेळा त्यामागच्या स्क्रूच्या लांबीत असतो.

पडदा बाजूला धरून ठेवायचे दोन प्रकार आहेत. एक टायबॅक, म्हणजे कापडाची पट्टी किंवा गोंड्याची दोरी. ती पडद्याला वेढा घालून भिंतीतल्या लहानशा हुकात अडकते. दुसरा होल्डबॅक. ही भिंतीतून बाहेर आलेली धातूची किंवा लाकडाची दांडी असते, तिच्या टोकाला फूल, गोळा किंवा वाक असतो आणि पडदा तिच्यामागे नुसता सारायचा असतो. वापरायला होल्डबॅक सोपा, पण भिंतीला तोच जड जातो.

कसा ते पाहू. मखमलीचा, आतून ब्लॅकआउट अस्तर लावलेला, आठ फूट उंचीचा आणि दोन पन्ने जोडून शिवलेला एक पडदा साधारण चार किलोंचा भरतो. हे वजन रॉडवर असतं, होल्डबॅकवर नाही. होल्डबॅकला सोसावी लागते ती आडवी ओढ, आणि पडदा नुसता लटकलेला असेल तेव्हा ती फारशी नसते. खरी ओढ माणसाच्या हाताची. समजा, पडदा सोडवताना कुणी पाच किलोंचा हिसका दिला. दांडी भिंतीपासून दहा सेंटिमीटर बाहेर आहे, भिंतीला टेकलेली चकती पाच सेंटिमीटर व्यासाची आहे आणि स्क्रू तिच्या मध्यावर आहे. चकतीची खिडकीकडची कड टेकू बनते आणि दांडी पहारीसारखी काम करते. कडेपासून स्क्रू अडीच सेंटिमीटरवर, ओढ दहा सेंटिमीटरवर, म्हणजे पाच किलोंचे स्क्रूपाशी वीस किलो होतात, आणि तेही सरळ बाहेर खेचणारे. पंधरा किलोंचं पोर पडद्याला लोंबकळलं तर साठ! टायबॅकचा हुक भिंतीला चिकटून असल्यामुळे तिथे हा हिशोब खूपच सौम्य होतो. म्हणून लहान मुलं असतील तर मी तरी कापडी टायबॅकच सुचवेन. मात्र लांब, मोकळ्या फासाची दोरी नको. तो फास मुलाच्या गळ्यात अडकू शकतो.

होल्डबॅक घ्यायचाच असेल तर मोठ्या चकतीचा घ्यावा. दांडीची लांबी रॉड भिंतीपासून जितका पुढे आहे साधारण तितकी हवी. आखूड दांडीमागे जाड पडदा चुरगळतो, आणि गरजेपेक्षा लांब दांडी उगाच पहार वाढवते.

उंचीबद्दल ठरलेला आडाखा असा की पडद्याचे तीन भाग पाडावेत आणि आकडा खालच्या किंवा वरच्या तिसऱ्या भागाच्या रेषेवर घ्यावा, बरोब्बर मध्यावर घेऊ नये. मध्यावर बांधलेला पडदा कमरेत आवळल्यासारखा दिसतो आणि खिडकी बुटकी वाटते. आठ फुटी पडद्याला खालची रेषा जमिनीपासून बत्तीस इंचांवर येते, वरची चौसष्ट इंचांवर. खाली बांधला तर पडदा वरून ऐसपैस झुकत येतो आणि भारदस्त दिसतो, पण तेवढी काचही झाकतो. वर बांधला तर उजेड जास्त मिळतो. बाल्कनीच्या दारापाशी तर खाली बांधलेला पडदा येताजाता खांद्याला घासतो, तिथे आकडा वरच बरा. आपल्याकडे आयलेटचे पडदे आधी पूर्ण बाजूला सारून मग बांधतात. तसं करणाऱ्यांनी उजेडाची चिंता सोडून, सोफ्याच्या पाठीआड जाणार नाही आणि हात सहज पोचेल अशी उंची धरावी.

आकडे सोडाच, आधी ओढणीने पडदा बांधून बघावा. एकाने तो धरायचा, दुसऱ्याने खोलीच्या पलीकडच्या टोकाला जाऊन बघायचं आणि मग पेन्सिलची खूण करायची. दोन्ही बाजूंची मापं रॉडपासून खाली घ्यावीत, कारण बाल्कनीजवळच्या फरशीला कधी कधी उतार असतो. टायबॅकची लांबीही याच वेळी टेपने पडद्याला सैलसर वेढा घालून घ्यावी. आवळून बांधलेल्या मखमलीवर पडलेला वळ सहजासहजी जात नाही.

आता भिंत. भोक पाडताना पडणारी भुकटी बघावी, ती सगळं सांगते. सुरुवातीचा पांढरा किंवा करडा चुरा प्लास्टरचा असतो. त्यामागून तांबडी भुकटी आली तर वीट आहे. करडी येऊन ड्रिल अडखळू लागलं तर काँक्रीट. बिट लोण्यात गेल्यासारखं शिरलं आणि फिकट, रवाळ चुरा आला तर सिपोरेक्सचा ब्लॉक समजावा. तिथे ड्रिलचा हॅमर लगेच बंद करावा, नाहीतर भोक नको तेवढं मोठं होतं. मायवान पद्धतीच्या नव्या टॉवरमध्ये भिंतीच काँक्रीटच्या असतात. तिथे भोक पाडायला रोटरी हॅमर लागतो, पण पकड उत्तम मिळते. बिट सळईला लागलं तर जोर न करता इंचभर बाजूला सरकावं.

पकड द्यायची ती प्लास्टरमागच्या भिंतीने. आकड्यासोबत पुडीत येणारा स्क्रू बहुधा इंच-सव्वा इंचाचा असतो आणि आतल्या भिंतीचं प्लास्टर बारा-पंधरा मिलिमीटरचं. म्हणजे निम्मा स्क्रू ठिसूळ थरातच राहतो. त्याऐवजी आठ मिलिमीटरच्या बिटने सत्तर मिलिमीटर खोल भोक घ्यावं, बिटवर तेवढ्या अंतरावर चिकटपट्टी गुंडाळली की अंदाज चुकत नाही. भुकटी फुंकून काढावी आणि चाळीस मिलिमीटरची गिट्टी, म्हणजे रावलप्लग, प्लास्टर ओलांडून आत ठोकावी. प्लास्टरमध्येच राहिलेली गिट्टी स्क्रू आवळताना फुगते आणि खपली उडवते. आकड्याची जाडी तीन, प्लास्टर पंधरा, गिट्टी चाळीस आणि टोकाला पाचेक मिलिमीटर जादा, असा जवळजवळ पासष्ट मिलिमीटरचा स्क्रू लागतो. सिपोरेक्समध्ये नेहमीची गिट्टी नुसतीच गरगर फिरते, त्या ब्लॉकसाठी मिळणारी वेगळी, लांब गिट्टी मागून घ्यावी. खिडकीची भिंत बाहेरची असते, पावसाळ्यात ती ओल धरते, म्हणून स्क्रू स्टेनलेस स्टीलचे बरे.

खिडकीच्या कडेपासून निदान तीन इंच सोडावेत, नाहीतर विटेचा कोपरा सुटतो. जवळपास स्विचबोर्ड किंवा एसीचा पॉइंट असेल तर त्याच्या सरळ वर, खाली किंवा आडव्या रेषेत ड्रिल लावू नये, कारण वायरिंगचे पाइप बहुतेक त्याच रेषेत गेलेले असतात.

भोक आधीच मोठं झालं असेल तर त्यात काड्या कोंबून किंवा पांढरं सिमेंट भरून त्याच जागी स्क्रू आवळायचा मोह टाळावा. चार दिवस टिकतो, पुन्हा निघतो. भोवतालचं प्लास्टर घट्ट असेल तर एक माप मोठी, लांब गिट्टी चालते. प्लास्टर टकटक करून पोकळ वाजत असेल तर सुताराची युक्ती चांगली. हातभर लांबीची लाकडी पट्टी भिंतीच्या रंगात रंगवून दोन-तीन खोल स्क्रूंनी भिंतीला पक्की करायची आणि आकडा त्या पट्टीत बसवायचा. आकड्याचा हिसका मग एका भोकावर न येता सगळ्या पट्टीवर वाटला जातो. शेवटी दांडीचं टोक धरून ती खिडकीच्या दिशेने जोरात ओढून बघावी. चकती आणि भिंतीच्या मध्ये केसभरही फट पडली, तर स्क्रू काढून भोक पुन्हा तपासायचं.