बारा लाख विक्रीचे की नफ्याचे? बजेटमधला कर दुकानदारांसाठी

१ फेब्रुवारी २०२५ ला निर्मला सीतारामन यांचं बजेटचं भाषण झालं आणि मला सगळ्यात जास्त आलेला प्रश्न हाच: "सर, माझी विक्री बारा लाखांच्या वर जाते, मग आता टॅक्स लागणार का?"

नाही. बारा लाख हे विक्रीचे नाहीत, वर्षाच्या एकूण उत्पन्नाचे आहेत. धंद्याच्या बाबतीत उत्पन्न म्हणजे माल, भाडं, मजुरी, लाईट बिल असा खर्च वजा करून उरलेला नफा.

समजा मालवणात एक ताई घरून कोकम आगळ, मालवणी मसाला आणि खाजं विकतात. वर्षाची विक्री ३० लाख, त्यातले २० लाख यूपीआयने आणि १० लाख रोख. छोट्या धंद्यासाठी आयकरात अंदाजित उत्पन्नाची सोय आहे, २०२५-२६ पर्यंत कलम ४४एडी. त्यात बँकेतून किंवा यूपीआयने आलेल्या विक्रीवर किमान ६ टक्के आणि रोख विक्रीवर किमान ८ टक्के नफा धरायचा. म्हणजे १ लाख २० हजार अधिक ८० हजार, एकूण २ लाख. सविस्तर हिशेबाच्या वह्या ठेवायची सक्ती नाही. (मासळीच्या लिलावात कमिशनवर काम करणाऱ्यांना मात्र ही सोय मिळत नाही.)

पण हे २ लाख 'किमान' आहेत. ताईंच्या हातात खरोखर साडेपाच लाख उरत असतील, तर तेवढेच दाखवायचे. आता गंमत बघा. २०२५-२६ पासून नव्या कररचनेत पहिल्या ४ लाखांवर कर नाही, पुढच्या ४ लाखांवर ५ टक्के. ताईंचा कर झाला दीड लाखाचे ५ टक्के, म्हणजे साडेसात हजार. त्यावर सूट मिळते आणि भरायचे शून्य! मग नफा कमी दाखवून मिळवलं काय? उलट उद्या कर्ज मागायला गेलात की बँक हेच रिटर्न बघणार.

इथेच बरेच जण चुकतात. कर शून्य, म्हणून रिटर्नच भरत नाहीत. उत्पन्न ४ लाखांच्या वर गेलं की रिटर्न भरावंच लागतं, कारण सूट रिटर्नमध्येच मागायची असते. न भरल्यास नोटीस येऊ शकते.

आणखी एक. बातम्यांत ऐकलेले पावणेतेरा लाख आपले नाहीत. ती वरची ७५ हजारांची वजावट पगारदारांना आणि पेन्शनरांना आहे, दुकानदाराला बाराच. शेअर विकून झालेल्या नफ्यावरच्या खास दराच्या कराला ही सूट लागत नाही.

जीएसटीचा हिशेब वेगळा, तो विक्रीवरच बघतात. फक्त माल विकणाऱ्याला महाराष्ट्रात साधारणपणे ४० लाखांपर्यंत नोंदणी लागत नाही, होमस्टेसारख्या सेवेला २० लाखांपर्यंत. ताईंचे ३० लाख म्हणूनच अजून आत आहेत, पण उद्या खोल्या भाड्याने द्यायला लागल्या तर दोन्हींची बेरीज धरून २० लाखांची मर्यादा लागेल.