कानाचा स्कॅन: हाड कशात दिसतं, नस कशात?

कान वाहतोय म्हणून तीन माणसं एकाच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे गेली, तर एकाला थेंब मिळतील, दुसऱ्याला सीटी स्कॅन सांगितला जाईल आणि तिसऱ्याला, ज्याचं ऑपरेशन आधीच झालंय, एमआरआय. बाहेर बाकावर बसून तिघांनी आपापली चिठ्ठी पडताळली, तर पहिल्याला वाटणार की डॉक्टरांनी आपल्याकडे दुर्लक्ष केलं आणि तिसऱ्याला वाटणार की आपल्याला उगाच महागात पाडलं. प्रत्यक्षात तिघांच्या कानाबद्दल डॉक्टरांना पडलेले प्रश्न वेगळे असतात. सीटी आणि एमआरआय ही एकाच तपासणीची स्वस्त आणि महाग आवृत्ती नव्हे. सीटीला जे दिसतं ते एमआरआयला दिसत नाही आणि एमआरआयला जे कळतं ते सीटीला कळत नाही. हे नीट समजायचं तर वाहणाऱ्या कानाचंच उदाहरण घ्यावं.

वाहणारा कान: थेंब की सीटी?

कानातून बऱ्याच काळापासून पाणी किंवा पू येत असेल, तर डॉक्टर आधी दुर्बिणीखाली कान साफ करून पडदा पाहतात. पडद्याला मधोमध भोक असेल, सर्दी झाली की कान वाहतो आणि औषधाने कोरडा होतो, तर बहुतेक वेळा स्कॅनची गरज नसते. पडद्यातलं भोक डोळ्यांनी दिसतं. ऐकू किती कमी येतं हे ऑडिओग्राम सांगतो. पडदा शिवण्याचा निर्णय एवढ्यावर घेता येतो.

दुसऱ्या प्रकारात पाणी थोडंच येतं, पण त्याला घाण वास असतो आणि पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात खिसा पडलेला दिसतो. या खिशात कातडीच्या पांढऱ्या खपल्या साचत जातात. कातडी सतत नवी होते आणि जुने पापुद्रे बाहेर पडायला वाट नसते, म्हणून गोळा वाढत राहतो. हा कोलेस्टेटोमा. ही कॅन्सरची गाठ नाही, पण शेजारचं हाड ती हळूहळू खाते. आपल्याकडे लोक ‘कानाचं हाड सडलंय’ म्हणतात, ते बऱ्याचदा याबद्दलच.

समजा, 35 वर्षांची एक बाई आहे. लहानपणापासून तिचा डावा कान वाहतो, त्या कानाने ऐकू कमी येतं आणि अलीकडे कानात बोट घालून दाबलं की गरगरतं. दुर्बिणीतून वरच्या कोपऱ्यातला खिसा दिसला. आत काय झालंय हे मात्र दिसत नाही, कारण खिशाचं तोंड लहान आहे आणि पसारा आत. इथे सीटी हवा.

सीटी: हाडाच्या कडा

कानासाठी जो सीटी करतात त्याला एचआरसीटी टेम्पोरल बोन म्हणतात. त्यात साधारण अर्धा ते पाऊण मिलिमीटर जाडीचे काप घेतले जातात. इतके बारीक काप लागतात, कारण कानातलं सर्वांत लहान हाड, रिकीब, जेमतेम 3 मिलिमीटरचं असतं. तपासणीला काही सेकंद पुरतात आणि बहुतेक वेळा इंजेक्शन लागत नाही. डोक्याचा नेहमीचा सीटी या कामाला चालत नाही. त्याचे काप जाड असतात आणि ही हाडं त्यात हरवून जातात.

चित्र वाचायचं सूत्र सोपं आहे. हवा काळी, हाड पांढरं, बाकी सगळं करडं. निरोगी मधल्या कानात हवा असते, म्हणून तो काळा दिसतो आणि त्यात हातोडी, ऐरण, रिकीब ही हाडं पांढरी उठून दिसतात. आपल्या बाईच्या सीटीत डावा मधला कान करडा आला. पण डॉक्टरांची नजर करड्या भागापेक्षा त्याच्या भोवतीच्या पांढऱ्या कडांवर जास्त असते.

पडद्याच्या वरच्या बाजूला हाडाचं एक टोक असतं, त्याला स्क्युटम म्हणतात. निरोगी कानात ते अणकुचीदार असतं. वरच्या खिशातून वाढणारा कोलेस्टेटोमा सुरुवातीलाच त्याची धार बोथट करतो, आणि इथेही ती बोथट दिसली. मग ऐरणीची लांब दांडी. कोलेस्टेटोमात तीच सर्वांत आधी झिजते, आणि तीही नाहीशी झालेली. ऐकू का कमी येतं, याचं उत्तर इथे मिळालं. त्यानंतर आतल्या कानातल्या आडव्या अर्धवर्तुळाकार नळीवरचं हाडाचं पातळ आवरण. ते एका जागी तुटलेलं दिसलं, म्हणून कान दाबला की दाब थेट तोल सांभाळणाऱ्या नळीपर्यंत पोचतो आणि गरगरतं. कान आणि मेंदू यांच्यामधलं पातळ छप्पर आणि चेहऱ्याच्या नसेची हाडातली नळी मात्र शाबूत दिसली.

ऑपरेशन करणाऱ्याला हा नकाशा लागतो. नळीवर भोक आहे हे आधीच माहीत असलं, तर तिथला गोळा काढताना हात जपून चालतो. नाहीतर कान कायमचा बहिरा होण्याचा धोका असतो. चेहऱ्याच्या नसेवरचं हाड मात्र काही माणसांत जन्मतःच इतकं पातळ असतं की ते आहे की नाही हे सीटीतही ठामपणे सांगता येत नाही.

आता सीटीची मर्यादा. करडा भाग म्हणजे नेमकं काय, हे तो सांगू शकत नाही. पू, सुजलेली त्वचा, जखमेचं लाल मांस आणि कोलेस्टेटोमा, सगळं सारखंच करडं दिसतं. हाड झिजलेलं दिसलं तर संशय पक्का होतो. उलट मधला कान पूर्ण काळा, हवेने भरलेला असेल तर कोलेस्टेटोमाची शक्यता खूपच कमी. पण कान करडा आहे आणि हाड झिजलेलं नाही, अशा मधल्या अवस्थेत सीटीवरून निकाल देता येत नाही.

ऑपरेशननंतर: एमआरआय

आपल्या बाईचं ऑपरेशन झालं. गोळा काढला, पडदा कूर्चेने बांधला, कानाची हाडाची भिंत शाबूत ठेवली. अशा ऑपरेशनात एक चिंता मागे उरते. आत एखादा कण राहिला असेल तर तो कूर्चेच्या जाड पडद्याआड वाढतो आणि बाहेरून दिसत नाही. म्हणून पूर्वी साधारण 9 ते 12 महिन्यांनी कान पुन्हा उघडून पाहायची पद्धत होती. सीटी इथे फारसा उपयोगी पडत नाही, कारण जखम भरताना तयार झालेला जाडसर भाग आणि परत आलेला कोलेस्टेटोमा दोन्ही करडेच.

एमआरआय वेगळ्या पद्धतीने पाहतो. त्यात क्ष-किरण नसतात. तो शरीरातल्या पाण्याकडून येणारा संकेत टिपतो. त्यातला ‘डिफ्युजन’ नावाचा प्रकार पाण्याचे रेणू किती मोकळेपणाने हलतात हे दाखवतो. कोलेस्टेटोमाच्या दाट खपल्यांत पाणी अडकून पडतं, म्हणून तो चित्रात पांढरा चमकतो. जखमेचा जाडसर भाग चमकत नाही. सीटीला न सुटलेला प्रश्न इथे सुटतो, तोही इंजेक्शनशिवाय.

पण इथे एक मेख आहे. डिफ्युजनचा नेहमीचा, झटपट होणारा प्रकार हवा आणि हाड जिथे भेटतात तिथे चित्र वेडंवाकडं करतो, आणि कान म्हणजे हवा आणि हाडच. म्हणून कानासाठी नॉन-ईपीआय डिफ्युजन लागतं आणि चिठ्ठीवर तसं लिहिलेलं असावं लागतं. नुसतं ‘एमआरआय ब्रेन’ करून आणलं तर खर्च होतो आणि उत्तर मिळत नाही.

याही तपासणीला चकवे आहेत. कानातला मळ चमकतो, म्हणून स्कॅनआधी कान साफ करून घ्यावा. पूही चमकतो. आणि 2-3 मिलिमीटरपेक्षा लहान कण सुटू शकतो, तसाच खपल्या बाहेर पडून रिकामा झालेला खिसाही. म्हणून एक एमआरआय स्वच्छ आला म्हणून विषय मिटत नाही. काही काळाने तो पुन्हा करतात, कारण सुटलेला कण तोवर दिसण्याइतका वाढतो. एमआरआयमध्ये हाड जवळपास दिसतच नाही. पांढरा ठिपका दिसला तरी तो कोणत्या हाडाला टेकलाय हे पाहायला सीटी शेजारी ठेवावाच लागतो.

नसेचा प्रश्न

आता वेगळा रुग्ण. पडदा अगदी निरोगी आहे, पण एकाच कानाने ऐकू कमी येतं आणि त्याच कानात सतत शीळ वाजते. ऑडिओग्राममध्ये दोष आतल्या कानात किंवा नसेत दिसतो आणि दोन कानांत स्पष्ट फरक आहे, सर्वसाधारणपणे लगतच्या दोन स्वरांवर 15 डेसिबल किंवा अधिक. इथे एमआरआयच हवा.

कानातून मेंदूकडे जाणाऱ्या हाडाच्या बोगद्यात ऐकण्याची एक, तोलाच्या दोन आणि चेहऱ्याची एक अशा चार नसा असतात. एमआरआयच्या एका बारीक प्रकारात त्यांच्याभोवतीचं पाणी पांढरं दिसतं आणि नसा त्यात काळ्या धाग्यांसारख्या दिसतात. तोलाच्या नसेवर वाढणारी श्वानोमा नावाची गाठ या पांढऱ्या पाण्यात भरीव दिसते. शंका असेल तर गॅडोलिनियमचं इंजेक्शन देऊन खात्री करतात. बोगद्याच्या आत असलेली लहान गाठ सीटीत सहज सुटते. अशा रुग्णांपैकी फार थोड्यांना खरोखर गाठ निघते आणि तीही कॅन्सरची नसते. तरी ती वेळेत कळणं महत्त्वाचं असतं, कारण गाठ लहान असताना नुसतं लक्ष ठेवूनही भागू शकतं.

एका रात्रीत कान बंद पडला असेल तर मात्र स्कॅनसाठी थांबायचं नसतं. त्याच दिवशी ऑडिओग्राम करून स्टेरॉइड सुरू करायची की नाही हे ठरवावं लागतं, कारण उशीर होईल तसा उपयोग कमी होतो. एमआरआय नंतरच्या दिवसांत होऊ शकतो.

कधी नको, कधी ताबडतोब

मळ, साधं कानदुखणं, पोहल्यानंतरची खाज, वयोमानाने दोन्ही कानांनी सारखंच कमी होत गेलेलं ऐकू येणं, कूस बदलली की काही क्षण येणारी चक्कर: यांना स्कॅन लागत नाही. लहान मुलांत तर सीटीचे क्ष-किरण विनाकारण देऊच नयेत.

उलट कान वाहत असताना कानामागे सूज येऊन कान पुढे ढकलला जाणं, चेहरा एका बाजूला वाकडा होणं, तापासोबत तीव्र डोकेदुखी आणि उलट्या, ही लक्षणं दिसली तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावं. संसर्ग मेंदूच्या आवरणापर्यंत किंवा कानामागच्या मोठ्या शिरेपर्यंत गेलाय का, हे पाहायला तिथे इंजेक्शन देऊन स्कॅन करतात. मधुमेही ज्येष्ठांचा कान रात्री झोप उडवण्याइतका दुखत असेल तर त्याकडेही तसंच पाहावं. संसर्ग कवटीच्या तळाच्या हाडात शिरलेला असू शकतो. सुरुवातीला सीटीत हाड ठीकच दिसतं, पण हाडातल्या मगजाची सूज एमआरआयला आधी कळते.

शेवटी रिपोर्टातल्या एका शब्दाबद्दल. डोकेदुखीसाठी केलेल्या एमआरआयच्या रिपोर्टात पुष्कळदा ‘मास्टॉइडायटिस’ असं छापून येतं आणि घर घाबरतं. कानामागच्या हाडात हवेच्या बारीक पोकळ्या असतात आणि त्यांत थोडं पाणी साचणं सर्दीनंतर सर्रास घडतं. पडदा निरोगी असेल, दुखत नसेल, ताप नसेल, तर त्या शब्दावर उपचार करायचे नसतात. कान तपासून घेतला की पुरे. आणि स्कॅन कोणताही असो, छापील रिपोर्टासोबत सीडीही मागून घ्यावी. ऐरणीची दांडी आहे की गेली, किंवा मागच्या वर्षीचा ठिपका वाढला की तेवढाच आहे, हे डॉक्टर बारीक कापांतच पाहतात, आणि फिल्मवर ते सगळे काप मावत नाहीत.