उत्तर बरोबर, तरी गुण का कापले?

एक सोपं गणित घ्या. वरूडजवळच्या संत्र्याच्या बागेत एक जुनी विहीर आहे. काठावरून दगड सोडला आणि २.६ सेकंदांनी 'डुब्ब' असा आवाज आला. पाणी किती खोलीवर आहे? गुरुत्व त्वरण ९.८ m/s² धरायचं.

बारावीचा कुठलाही विद्यार्थी सूत्र लिहील, आकडे घालेल आणि उत्तर काढेल: ३३.१२४. गुणाकारात चूक नाही. तरी पेपर हातात येतो तेव्हा त्या आकड्याशेजारी लाल पेनाचं वर्तुळ असतं आणि अर्धा गुण गेलेला असतो. 'सर, उत्तर तर बरोबर आहे ना?' हा प्रश्न मग वर्गात हमखास ऐकू येतो.

खरं सांगायचं तर ते उत्तर अपुरं आहे. शिवाय त्यात जे तीन दशांश लिहिलेत, त्यांना काही आधार नाही.

३३ काय?

हा आकडा घेऊन विहिरीत मोटर सोडणाऱ्या माणसाकडे जा. आपल्याकडे विहीर, बोअर आणि पाइप यांचा हिशेब फुटात चालतो. जुनी माणसं तर अजून परसात खोली सांगतात. तुम्ही नुसतं 'तेहतीस' म्हणालात तर तो तेहतीस फूट दोर आणेल. पण सूत्रातून आलेलं उत्तर मीटरमध्ये आहे आणि ३३ मीटर म्हणजे जवळपास १०८ फूट. दोर पाण्यापासून ७५ फूट वरच लोंबकळत राहील.

भौतिकशास्त्रात राशी म्हणजे आकडा आणि एकक मिळून झालेली एक गोष्ट. यातलं एक गाळलं की दुसऱ्याला अर्थ उरत नाही. म्हणूनच उदाहरण तपासताना सूत्र, किमती घालणं, आकडेमोड आणि एकक यांना गुण वाटून दिलेले असतात. एककाचा वाटा साधारण अर्ध्या गुणाचा. पेपरात अशी पाच-सहा उदाहरणं असली तर नुसत्या विसरण्यात अडीच-तीन गुण जातात.

पण एककाचा खरा उपयोग गुणांच्या आधी, पेपर लिहीत असतानाच होतो. घाईत t चा वर्ग करायचा राहिला असं धरा. मग ½ × ९.८ × २.६ = १२.७४ असं उत्तर येईल. विहीर १२ मीटर खोल असूही शकते, त्यामुळे आकडा पाहून संशय येणार नाही. आता एककं सोबत घेऊन तोच गुणाकार करा. m/s² ला s ने गुणलं की m/s उरतं. हे वेगाचं एकक झालं आणि आपण तर खोली काढत होतो. चूक तिथल्या तिथे सापडली. एकक शेवटच्या ओळीत आठवून चिकटवणाऱ्याला हा फायदा मिळत नाही. त्याने 'm' लिहून टाकलेलं असतं आणि चूक झाकली जाते.

.१२४ आलं कुठून?

वेळ २.६ सेकंद दिली आहे. याचा अर्थ मोजणाऱ्याला २.५५ ते २.६५ सेकंदांच्या दरम्यानचं काहीतरी मिळालं आणि त्याने ते २.६ लिहिलं. या दोन टोकांना खोली किती येते ते काढून पाहा. २.५५ ला ३१.९ मीटर येते, तर २.६५ ला ३४.४ मीटर. म्हणजे अडीच मीटरचा फरक मोजमापातच आहे. अशा वेळी ३३.१२४ लिहिणं म्हणजे पाण्याची पातळी मिलिमीटरपर्यंत माहीत असल्याचा दावा करणं. हातात घड्याळ घेऊन काठावर उभा असलेला माणूस असा दावा करू शकत नाही.

गुणाकार-भागाकाराचा नियम यातूनच आला. दिलेल्या किमतींपैकी जिच्यात सर्वांत कमी सार्थ अंक, तेवढेच उत्तरात ठेवायचे. २.६ मध्ये दोन, ९.८ मध्येही दोन. म्हणून उत्तर ३३ m. सूत्रातला ½ मोजलेला नाही, तो नेमका आहे, त्यामुळे त्याचे अंक धरायचे नाहीत. इथे बरेच जण अडखळतात आणि 'एकच अंक' म्हणून ३० लिहून मोकळे होतात.

प्रश्नात वेळ २.६० सेकंद दिली असती तर? तो शून्य शोभेचा नाही, शंभराव्या भागापर्यंत मोजल्याची ती खूण आहे. मात्र g अजून ९.८ च आहे, म्हणून उत्तर ३३ m च राहील. g ९.८० दिला असेल तरच ३३.१ m लिहिता येईल.

अंक कमी करायचे ते अगदी शेवटी. मधल्याच पायरीत ६.७६ ला ७ केलं तर उत्तर ३४ होतं आणि हे मात्र सरळ चुकलेलं उत्तर आहे.

बोर्डाच्या पेपरला कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालतं. त्यातही एक गंमत आहे. हेच गणित लॉग टेबलने केलं तर ३३.१३ येतं, हाताने गुणलं तर ३३.१२४. कोण बरोबर, यावर वाद घालण्यात अर्थ नाही, कारण दोन सार्थ अंकांत दोघांचंही उत्तर ३३ m च आहे. बोर्डाचे परीक्षक ३३.१२ m लिहिणाऱ्याला बहुधा सांभाळून घेतात. प्रश्नातच 'योग्य सार्थ अंकांत' असं म्हटलं असेल तर त्यांचाही नाइलाज असतो.

प्रवेश परीक्षेत ही सवलत अजिबात नाही. २०२० च्या 'नीट'मध्ये विचारलं होतं: सार्थ अंक लक्षात घेऊन ९.९९ m − ०.००९९ m किती? साधी वजाबाकी ९.९८०१ येते. हा पर्याय समोर होता आणि तो चूक होता. बेरीज-वजाबाकीत सार्थ अंक मोजत नाहीत, दशांश स्थळं पाहतात. ९.९९ ला दोनच दशांश स्थळं आहेत, म्हणून उत्तर ९.९८ m. जवळच ९.९८० m हाही पर्याय होता, तोही चूक. 'नीट'मध्ये बरोबर उत्तराला ४ गुण आणि चुकीला उणे १, म्हणजे बिनचूक वजाबाकी करणारा विद्यार्थी ५ गुणांनी मागे पडला.

आता पुन्हा विहिरीकडे. दगड पाण्यावर आदळल्याचा आवाज वर यायलाही वेळ लागतो. ध्वनीचा वेग ३४० m/s धरला तर साधारण ०.०९ सेकंद. म्हणजे दगड खरं तर २.५१ सेकंदच पडत होता आणि पाणी ३१ मीटरवर आहे. ज्या उत्तरात आपण .१२४ पर्यंत गेलो होतो, त्यातला दुसरा अंकच डळमळीत निघाला. परीक्षेत आवाजाचा वेळ सोडून द्यायला सांगितलेलं असतं, तेव्हा उत्तरपत्रिकेतली ओळ अशी असावी:

h = ½ × ९.८ m/s² × (२.६ s)² = ३३.१२४ m ≈ ३३ m

दोर आणायला जाताना मात्र १०८ फुटांवर दहा-पंधरा फूट जास्तच आणा. खालची मोटर पाण्यात बुडायला हवी.