गाण्याखाली दबलेलं वळण

मुंबईहून पुण्यात शिरताना चांदणी चौकात कोथरूडकडे वळायचं होतं. मॅपवाली बाई बोलली होती, असं बायकोचं म्हणणं. मला ऐकू आलं ते फक्त ढोलकीचं. वळण मागे पडलं आणि आम्ही वारज्याला जाऊन परत फिरलो. घरी आल्यावर भाचा म्हणाला, "मामा, तू आवाज वाढवलास ना? मग गाणंही वाढलं असणार." अगदी तसंच झालं होतं.

नकाशाला बोलायचं असलं की तो आधी फोनकडे तशी मागणी करतो: मला थोडा वेळ बोलू द्या, गाणं बंद करू नका, फक्त दाबा. अँड्रॉइड ८ पासून, म्हणजे २०१७ पासून, गाणं दाबण्याचं हे काम फोन स्वतःच करतो. गाणं साधारण पाचव्या हिश्श्यावर येतं आणि वाक्य संपलं की परत वर चढतं. पाचवा हिस्सा म्हणजे फारच कमी, असं वाटेल. पण कानाला फरक त्या मानाने थोडाच जाणवतो. त्यात खिडकी उघडी, गाणं आधीच जोरात आणि गाणारा ऐन तार सप्तकात. मग "पाचशे मीटरवर डावीकडे"मधलं "डावीकडे" कुठे गेलं ते कळत नाही.

उपाय शोधण्याआधी एक गोष्ट बघावी लागते: गाणं आणि सूचना एकत्र कुठे होतात, फोनमध्ये की गाडीत?

फोन नुसत्या ब्लूटूथने जोडला असेल तर दोन्ही फोनमध्येच मिसळतात. दोन नळांचं पाणी एका बादलीत यावं तसं गाडीकडे जे येतं ते मिसळलेलंच. म्हणून गाडीची खुंटी कितीही फिरवा, गाणं आणि बाई दोघं बरोबरीनेच वर-खाली होणार. इथे दुरुस्ती फोनमध्येच करायला हवी. भाच्याने गाडी पार्किंगमध्ये उभी असतानाच गूगल मॅप्सच्या सेटिंगमधला नेव्हिगेशनचा भाग उघडला. तिथे Guidance volume आहे आणि Softer, Normal, Louder अशा तीन पायऱ्या. माझी पायरी Softer वर होती. कधीतरी मीच ठेवली असणार. त्याने ती Louder केली. मग फोनचा स्वतःचा आवाज जवळजवळ पूर्ण वाढवला आणि बाकीचं गाडीच्या खुंटीवर सोडलं. फोन बारीक ठेवून गाडीचा आवाज चढवला तर सूं-सूं खरखरही तेवढीच चढते, हे त्याने वाजवूनच दाखवलं.

त्याच पानावर Play voice over Bluetooth असं एक बटण आहे. तुम्ही गाडीत एफएम किंवा पेनड्राइव्ह लावत असाल तर ते महत्त्वाचं. गाडी रेडिओ वाजवत असताना ब्लूटूथवरून आलेली सूचना बऱ्याच गाड्या वाजवतच नाहीत. बाई बोलत असते, पण दार बंद. अशा वेळी हे बटण बंद करायचं, म्हणजे सूचना फोनच्याच स्पीकरमधून येते. आवाज किरटा येतो, पण येतो.

अँड्रॉइड ऑटो किंवा कारप्ले असेल तर मामला वेगळा. तिथे गाणं आणि सूचना गाडीपर्यंत वेगवेगळ्या पोचतात आणि मिसळायचं काम गाडी करते. बहुतेक गाड्या दोन्हींचे आवाज वेगवेगळे लक्षात ठेवतात, आणि खुंटी त्या क्षणी जे वाजतंय त्यालाच लागू होते. म्हणजे बाई बोलत असतानाच खुंटी फिरवली तरच तिचा आवाज बदलतो. गंमत अशी की बिघाडही इथूनच होतो. आवडत्या कडव्यात बाई मध्येच बोलते, आपण चिडून आवाज कमी करतो. बाईचा आवाज खाली जातो आणि तिथेच राहतो. मग गाणं खणखणीत, फोनवरचं बोलणं स्पष्ट, फक्त नकाशा मुका. असं चित्र दिसलं तर ॲप बिघडलेलं नसतं. गाडी बाजूला उभी करून रस्ता लावायचा, पहिली सूचना सुरू झाली की ती संपायच्या आत खुंटी वर फिरवायची. वाक्य छोटं असतं, एका खेपेत जमलं नाही तर पुढच्या सूचनेला परत. काही गाड्यांच्या ध्वनी-सेटिंगमध्ये नेव्हिगेशनची वेगळी पट्टीही असते. ती सापडली तर एवढी कसरत नको.

पॉडकास्ट किंवा कथा ऐकणाऱ्यांची अडचण आणखी निराळी. गाणं दबलं तरी काही बिघडत नाही, पण बोलण्यावर बोलणं आलं की दोन्ही जातात. म्हणून बोलकी ॲप बहुधा दबण्याऐवजी थांबतात. आयफोनवर ॲपलच्या नकाशात यासाठी Directions Pause Spoken Audio हे बटण आहे. ते चालू केलं की सूचना संपेपर्यंत गोष्ट थांबते.

हे सगळं गाडी उभी असतानाच करा. आणि खात्री करायची तर बंद काचांमध्ये नको. नेहमीचं गाणं नेहमीच्या आवाजात लावून, एसी आणि पंखा चालू ठेवून ऐका. हमरस्त्यावर टायरचा घरघराट त्याहून जास्त असतो, तेव्हा पार्किंगमध्ये बाई जरा ओरडतेय असं वाटलं तर ते बरोबर जमलं समजा.