दहा आणि दहा, एकोणीस

सेलच्या दिवसांत कपड्यांच्या दुकानाच्या काचेवर ‘१०% + १०% सूट’ अशी पाटी लागते. वाचता वाचता मनात बेरीज होऊन जाते आणि वीस टक्के हा आकडा पक्का बसतो. प्रत्यक्षात हाती पडते ती एकोणीस टक्के सूट. दुकानदाराने फसवलेलं नसतं आणि मशीनचाही हिशेब चुकलेला नसतो. मग तो एक टक्का जातो कुठे? याचा माग काढत गेलं, तर शाळेतली साधी शेकडेवारी किती अजब गोष्ट आहे हे कळतं.

एक जॅकेट घेऊ. किंमत ३,००० रुपये, कर वेगळा. पहिली दहा टक्के सूट ३०० रुपयांची. उरले २,७००. आता दुसरी दहा टक्के सूट. ती ३,००० वर मिळत नाही, कारण ३,००० आता राहिलेलेच नाहीत. ती मिळते २,७०० वर, म्हणजे २७० रुपये. जॅकेट पडलं २,४३० रुपयांना. सरळ वीस टक्के सूट असती, तर २,४०० ला मिळालं असतं. फरक तीस रुपयांचा.

हे तीस रुपये म्हणजे नेमके काय, ते कागदावर उघड दिसतं. दहा ओळी आणि दहा रकाने असलेला शंभर घरांचा चौकोन काढा. अख्खा चौकोन म्हणजे पूर्ण किंमत. पहिली सूट म्हणजे वरची एक आडवी ओळ खोडायची. दहा घरं गेली. दुसरी सूट म्हणजे डावीकडचा एक उभा रकाना खोडायचा. त्यातही घरं दहाच, पण कोपऱ्यातलं घर आधीच खोडलेलं आहे. एकच घर दोनदा खोडता येत नाही. म्हणून नव्याने जातात ती नऊ घरं, आणि उरतात एक्याऐंशी. गायब झालेला एक टक्का म्हणजे हे कोपऱ्यातलं घर, दहा टक्क्यांचे दहा टक्के. ३,००० रुपयांच्या जॅकेटमध्ये या एका घराची किंमत तीस रुपये.

चौकोनातून नियमही आपोआप मिळतो. दोन्ही सुटींची बेरीज करा आणि त्यांच्या गुणाकाराला शंभराने भागून येणारा आकडा त्यातून वजा करा. वीस आणि तीस टक्के मिळून पन्नास होत नाहीत. पन्नासातून सहा गेले, चव्वेचाळीस. पन्नास आणि पन्नास मिळून पंचाहत्तर. सूट जितकी मोठी, तितका हा कोपरा मोठा. म्हणून ‘५०% + ५०%’ अशी पाटी असली तरी कापड फुकट मिळत नाही.

सूट वजा होते असं आपण म्हणतो, पण हिशेबात ती गुणली जाते. दहा टक्के सूट म्हणजे किमतीला नऊ दशांशाने गुणणं. आणि गुणाकारात आधी कोण, नंतर कोण, याने काही बिघडत नाही. आधी वीस टक्के आणि मग तीस, किंवा आधी तीस आणि मग वीस, शंभराचे छप्पन्नच उरतात. दहा टक्क्यांची सूट लागोपाठ दहा वेळा दिली, तर बेरजेने किंमत शून्य व्हायला हवी. प्रत्यक्षात शंभरातले जवळजवळ पस्तीस रुपये शिल्लक राहतात. किंमत निम्म्याखाली जायलाच अशा सात सुटी लागतात.

हे गणित आपल्या मातीत फार जुनं आहे. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास ‘लीलावती’ लिहिली. चाळीसगावजवळच्या पाटण इथला शिलालेख त्यांच्या नातवाने त्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी काढलेल्या मठाची साक्ष देतो. त्या ‘लीलावती’त एका यात्रेकरूचं उदाहरण आहे. जवळच्या पैशांतले निम्मे तो प्रयागला देतो. उरलेल्यातले दोन नवमांश काशीला, मग उरलेल्याचा चौथा हिस्सा वाटेत जकातीपोटी आणि त्यातूनही उरलेल्याचे सहा दशांश गयेला. घरी येतो तेव्हा त्याच्याजवळ ६३ निष्क असतात. मग निघताना किती होते?

इथे कोणी अपूर्णांकांची सरळ बेरीज केली, तर ती दीडपटीच्याही वर जाते. म्हणजे यात्रेकरूने होते त्याहून जास्त पैसे खर्च केले, असं उत्तर येईल. ‘उरलेल्यातले’ या शब्दाकडे लक्ष दिलं की सगळं जुळतं. निघताना होते ५४०. प्रयागला २७० गेले, काशीला ६०, जकातीत साडेबावन्न, गयेला साडेचौऱ्याण्णव. राहिले ६३. टप्प्याटप्प्याने जाणारा पैसा आणि मध्येच द्यावा लागणारा कर, दोन्ही या एका उदाहरणात आहेत. अशा गणितांच्या प्रकाराला तिथे शेषजाती म्हटलं आहे. काचेवरची पाटी त्याच जातीची.

आता करासह जॅकेटचं बिल करू. अठरा टक्के जीएसटी म्हणजे किमतीला १.१८ ने गुणणं. हाही गुणाकारच, त्यामुळे आधी सूट आणि मग कर, किंवा आधी कर आणि मग सूट, उत्तर एकच यायला हवं. करून पाहू. २,४३० वर अठरा टक्के कर लावला, तर २,८६७ रुपये ४० पैसे. दुसऱ्या वाटेने, एका सुटीनंतरच्या २,७०० वर कर लावून ३,१८६ आणि त्यावर दहा टक्के सूट, तरीही २,८६७ रुपये ४० पैसे. पैशाचाही फरक नाही.

पण दुकानातलं बिल इथे थांबत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून तयार कपड्यांवरच्या जीएसटीचे दोन दर आहेत. नगाची विक्री किंमत २,५०० रुपयांपर्यंत असेल तर पाच टक्के, त्याच्या वर गेली की अठरा टक्के. आपलं जॅकेट पहिल्या सुटीनंतर २,७०० ला होतं, म्हणजे अठराच्या घरात. दुसऱ्या सुटीने ते २,४३० वर आलं आणि पाच टक्क्यांच्या घरात गेलं. बिल झालं २,५५१ रुपये ५० पैसे.

आता बघा काय झालं ते. सूटच नसती तर बिल ३,५४० रुपये आलं असतं. म्हणजे दोन दहांनी मिळून ग्राहकाचे ९८८ रुपये ५० पैसे वाचवले, जवळजवळ अठ्ठावीस टक्के. बेरजेने वीस वाटलेलं, गुणाकाराने एकोणीस ठरलेलं, तेच कराचा उंबरठा ओलांडताच अठ्ठावीसवर गेलं. एकट्या दुसऱ्या सुटीने ३,१८६ चं बिल ६३४ रुपये ५० पैशांनी उतरवलं.

या उंबरठ्याशी आणखी एक नवल आहे. जॅकेट २,५०० ला पडलं, तर करासह बिल २,६२५. एकच रुपया जास्त, म्हणजे २,५०१ ला पडलं, तर बिल २,९५१ रुपये १८ पैसे. किंमत एका रुपयाने वाढली आणि बिल सव्वातीनशे रुपयांनी. कर वेगळा लावून एका कपड्याचं बिल केलं, तर २,६२५ आणि २,९५० या दोन रकमांच्या मधली एकही रक्कम त्या बिलावर येऊ शकत नाही. मधले सगळे आकडे वगळून बिल थेट पलीकडे उडी मारतं.

म्हणूनच सुटीचा क्रम इथे पहिल्यांदा महत्त्वाचा होतो. विक्रीच्या वेळीच दिलेली आणि बिलात दाखवलेली सूट करपात्र रकमेतून वजा होते, असं जीएसटी कायद्याचं पंधरावं कलम सांगतं. दुसरी दहा टक्के सूट दुकानाने न देता बँकेने कार्डावर स्वतःच्या पैशातून दिली, तर दुकानाला पूर्ण २,७०० ची विक्री किंमत मिळालेली असते. कर त्या २,७०० वर, अठरा टक्क्यांनी लागतो. बिल ३,१८६ रुपयांचं होतं आणि बँकेची सूट वजा जाता ग्राहकाच्या खिशातून २,८६७ रुपये ४० पैसे जातात. तीच दहा टक्के दुकानाने बिलात दिली असती, तर २,५५१ रुपये ५० पैसेच गेले असते. टक्के तेच, जॅकेट तेच, फरक ३१५ रुपये ९० पैशांचा. गुणाकाराचा क्रम बदलून काही बिघडत नाही हे खरंच आहे. इथे बदलतो तो ज्याने गुणायचं तो आकडा.

ठरावीक रुपयांच्या कूपनच्या बाबतीतही क्रमाने फरक पडतो. ३,००० मधून आधी ५०० चं कूपन वजा करून मग दहा टक्के सूट घेतली, तर २,२५० रुपये होतात. आधी दहा टक्के आणि मग कूपन, तर २,२००. आधी वापरलेल्या कूपनचे दहा टक्के, म्हणजे पन्नास रुपये, ग्राहक गमावतो. टक्क्यांची सूट आधी आणि रुपयांची नंतर, हाच क्रम ग्राहकाच्या फायद्याचा.

कपड्याला छापील कमाल किंमत असेल, तर तिच्यात सगळे कर धरलेले असतात. छापील किमतीवर सूट देऊन वर पुन्हा कर आकारणं ही अनुचित प्रथा आहे, असं राष्ट्रीय ग्राहक तक्रार निवारण आयोगाने २०१७ मध्ये, व्हॅटच्या काळातल्या एका प्रकरणात ठरवलं. या छापील किमतीतला कर शोधतानाही तीच जुनी चूक होते. १,१८० रुपयांत अठरा टक्के कर धरलेला असेल, तर १,१८० चे अठरा टक्के काढून वजा करायचे नसतात. १.१८ ने भागायचं, मूळ किंमत १,००० येते आणि कर १८०. हे १८० रुपये १,१८० च्या सव्वापंधरा टक्क्यांच्या आसपास भरतात. ‘जीएसटी आमच्याकडून’ अशी जाहिरात दिसली, तर ती अठरा नव्हे, सव्वापंधरा टक्क्यांची सूट समजावी.

पुढच्या वेळी बिल हाती आलं की तीन गोष्टी तपासा. प्रत्येक टक्का कोणत्या रकमेवर धरला आहे, दुसरी सूट कराच्या आधी बिलातच दाखवली आहे का, आणि कराचा दर सुटीनंतरच्या किमतीला लागू होतो तोच लावला आहे का. तिन्ही जुळत नसतील, तर काउंटरवरच विचारा आणि बिल दुरुस्त करून घ्या.