चार साहेब, एक मसुदा

एखाद्या सहकारी बँकेच्या मुख्य कार्यालयातून खातेदारांना एक पानाचे पत्र जायचे आहे, असे समजा. विषय केवायसीचा, म्हणजे ओळख आणि पत्त्याची नोंद ठरावीक काळाने ताजी करण्याचा. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार जास्त जोखमीच्या खातेदारांची नोंद किमान दर दोन वर्षांनी, मध्यम जोखमीच्यांची आठ आणि कमी जोखमीच्यांची दहा वर्षांनी ताजी करावी लागते. जनसंपर्क विभागातल्या अधिकारी बाईंनी मसुदा लिहिला आणि चार व्यवस्थापकांकडे पाठवला. चारही प्रती शेऱ्यांनी भरून परत आल्या.

अनुपालन विभागाच्या साहेबांनी लिहिले, ‘केवायसी न केल्यास खाते थांबवले जाईल, हे पहिल्याच ओळीत ठळक टाका.’ ग्राहकसेवेच्या मॅडमनी त्याच ओळीवर काट मारली, ‘धमकीची भाषा नको, ज्येष्ठ खातेदार घाबरतात.’ शाखा व्यवस्थापकांचा शेरा, ‘शाखेत या, हे काढा, माझ्याकडे दोनच काउंटर आहेत.’ डिजिटल विभागाला अ‍ॅपची लिंक हवी होती, तर अनुपालनच्या साहेबांना लिंक मुळीच नको होती, कारण केवायसीच्या नावाने खोट्या लिंक पाठवून लोकांना लुबाडले जाते.

अशा वेळी बहुतेक जण सगळ्यांना खूश करणारे वाक्य शोधतात. मग ‘केवायसी न केल्यास खाते थांबवले जाऊ शकते, तथापि आपण काळजी करू नये’ असे काहीतरी जन्माला येते. दोन्ही साहेब सही करतात आणि खातेदाराला मात्र काळजी करायची की नाही ते कळत नाही. ‘तथापि’, ‘शक्यतो’, ‘आवश्यकतेनुसार’ हे शब्द मसुद्यात अचानक वाढले की समजावे, निर्णय झालेला नाही, भांडण नुसते झाकले आहे. दुसरी सवय अशी की, एकाचे शेरे घालून प्रत दुसऱ्याकडे, त्याचे घालून तिसऱ्याकडे पाठवायची. त्यात शेवटी वाचणाऱ्याचे म्हणणे टिकते, ते बरोबर आहे म्हणून नव्हे, तर तो शेवटी आला म्हणून.

योग्य काम मसुद्याला हात न लावता सुरू होते. मूळ प्रत तशीच ठेवून सगळे शेरे एका तक्त्यात उतरवायचे: कोणता परिच्छेद, कोणाचा शेरा, त्यांच्याच शब्दांत काय म्हणणे आहे, कारण काय आणि निर्णय काय. फोनवर सांगितलेले आणि व्हॉट्सअ‍ॅपवर आलेलेही यात यायला हवे, कारण पुढे ‘मी सांगितले होते’ हा वाद नेमका त्यांवरूनच होतो. एका शेऱ्यात दोन मागण्या असतील तर दोन ओळी करायच्या. शुद्धलेखन, चुकलेला फोन नंबर, जुना पत्ता असले शेरे तिथेच दुरुस्त करून बाजूला काढले की खऱ्या वादाच्या चार-सहा ओळीच उरतात.

त्या ओळींत कारणाचा रकाना बहुधा रिकामा असतो. व्यवस्थापक उपाय लिहितात, अडचण लिहीत नाहीत. म्हणून प्रत्येकाला एक छोटा फोन करावा आणि विचारावे, ‘हे वाक्य असेच राहिले तर काय बिघडेल?’ आमच्या उदाहरणात अनुपालनच्या साहेबांना लेखापरीक्षणात खातेदाराला परिणामांची कल्पना दिल्याचा पुरावा दाखवायचा होता. पहिली ओळ आणि ठळक अक्षरे यांचा त्यांचा आग्रह नव्हता. मॅडमना परिणाम लपवायचे नव्हते, त्यांना नको होता तो ‘थांबवले’ हा शब्द. शाखेला गर्दी नको होती. डिजिटल विभागाला लोक अ‍ॅपवर यायला हवे होते, मग लिंक असो वा नसो.

इथे एक पायरी अनेक जण विसरतात. वाद मतांचा आहे की वस्तुस्थितीचा, हे आधी पाहायला हवे. रिझर्व्ह बँकेच्या २०२५ च्या सुधारणेनुसार कमी जोखमीच्या वैयक्तिक खातेदाराला केवायसीची तारीख उलटल्यावरही एक वर्ष किंवा ३० जून २०२६, यांतले जे नंतर येईल तोपर्यंत सर्व व्यवहार करता येतात. म्हणजे या खातेदारांच्या बाबतीत ‘लगेच खाते थांबेल’ हे वाक्य कठोर असण्याआधी चुकीचेच होते. वस्तुस्थितीच्या प्रश्नावर चर्चा करून मधला मार्ग काढायचा नसतो. नियम उघडून पाहायचा असतो.

उरलेला वाद शाखा की अ‍ॅप याचा. त्याच्या मुळाशी मसुद्याने कधीच न ठरवलेला एक प्रश्न होता: हे पत्र नेमके कोणाला? ज्यांच्या माहितीत काहीच बदल नाही, त्यांना नियमानुसार नुसते स्वयंघोषणापत्र पुरते आणि ते नोंदवलेल्या मोबाइलवरून, ईमेलने किंवा पत्रानेही देता येते. पत्ता बदललेल्यांना नवा पत्ता कळवावा लागतो आणि बँक तो पडताळून पाहते. मसुद्याने दोघांनाही सरसकट शाखेत बोलावले होते. अंतर्विरोधी शेऱ्यांचे मूळ बहुतेकदा अशा न सुटलेल्या प्रश्नात सापडते. प्रश्न सोडवला की अर्धे शेरे आपोआप निकालात निघतात. वाक्ये जोडत बसले की एकही निघत नाही.

नवे पत्र मग असे सुरू झाले: ‘आपल्या खात्याची केवायसी नोंद अमुक तारखेपर्यंत ताजी करायची आहे. आपला पत्ता किंवा इतर माहिती बदलली नसेल तर शाखेत येण्याची गरज नाही.’ पुढे अ‍ॅपमध्ये कुठे जायचे ते शब्दांत आले, लिंक नाही. मग माहिती बदललेल्यांसाठी वेगळा परिच्छेद आणि त्यानंतर मुदत संपल्यावर काय होईल ते एका साध्या वाक्यात, तारखेसकट.

तरी एक वाद राहिलाच: अ‍ॅप आधी की साधे पत्र आधी? इथे दोन्ही बाजूंकडे कारण होते आणि नियमाचे काही म्हणणे नव्हते. असा प्रश्न मसुदा लिहिणाऱ्याने आपल्या अंगावर घेऊ नये, तसा मतदानालाही टाकू नये. नियमाच्या बाबतीत अनुपालनचा शब्द अखेरचा, शाखेच्या क्षमतेबाबत शाखेचा, आणि पत्राच्या हेतूबाबत ज्यांच्या सहीने ते जाते त्यांचा, हे आधीच ठरलेले असावे. इथे सही महाव्यवस्थापकांची होती. त्यांच्यापुढे दोन पर्याय, प्रत्येकाचा एका ओळीत परिणाम आणि लेखिकेची शिफारस ठेवली. त्यांनी अ‍ॅप आधी ठेवले.

सुधारित मसुद्यासोबत चौघांना अर्ध्या पानाचे टिपण गेले. त्यात काय बदलले ते थोडक्यात होते. कोणता शेरा स्वीकारला नाही आणि का, हे सविस्तर. ‘लिंक घेतली नाही: फसवणुकीचा धोका, त्याऐवजी अ‍ॅपमधला मार्ग शब्दांत दिला’ अशा ओळी माणसाला पटतात, कारण त्याचे म्हणणे वाचले गेल्याचे त्याला दिसते. हे टिपण नसेल तर नाकारलेला शेरा पुढच्या फेरीत त्याच शब्दांत परत येतो. टिपणात उत्तराची तारीखही होती, पण अनुपालनकडून लेखी होकार येईपर्यंत पत्र छापायला जाणार नव्हते. नियमाच्या बाबतीत मौनाला संमती मानणे धोक्याचे. तारखेनंतर आलेला शेरा चूक दाखवत असेल तर घ्यावा. आवडीनिवडीचा असेल तर पुढच्या पत्रासाठी ठेवावा.

शेवटी, ज्याने एकही शेरा पाहिलेला नाही अशा माणसाला संपूर्ण पत्र वाचायला द्यावे. एका परिच्छेदातला बदल दुसऱ्याला खोटे पाडतो, ते शेऱ्यांत बुडालेल्या डोळ्यांना दिसत नाही. इथेही वर ‘शाखेत येण्याची गरज नाही’ असे लिहिल्यावर तळाशी जुनेच वाक्य राहिले होते: ‘कागदपत्रांसह शाखेत उपस्थित राहावे.’

तुमच्याकडे कोणाचा मसुदा तपासायला आला, तर प्रत्येक शेऱ्यापुढे एवढे जरूर लिहा: हे बदलले नाही तर काय बिघडेल.