वायरमनचा बायोडेटा अरबीत

रत्नागिरीच्या आयटीआयमधून निघालेला एखादा वायरमन सौदीतल्या नोकरीसाठी आपल्या छापील बायोडेटाचा मोबाइलवर फोटो काढतो, तिथून गडबड सुरू होते. कागद दोन रकान्यांचा असेल तर अक्षरं ओळखणारं ॲप आडवं वाचत जातं आणि डावीकडचं कौशल्य उजवीकडच्या कंपनीला चिकटतं. म्हणून आधी मूळ मजकूर सरळ टाइप करून घ्यावा, पासपोर्ट क्रमांक आणि तारखा कागदाशी ताडून पाहाव्यात. मगच अरबीकडे वळावं.

‘वायरमन’चं शब्दशः भाषांतर केलं तर ‘तारेचा माणूस’ असं काहीतरी हास्यास्पद उतरतं. तिकडे त्याला ‘कहरबाई’ किंवा ‘फन्नी कहरबा’, म्हणजे वीजतंत्रज्ञ, म्हणतात. मात्र वजन वाढावं म्हणून ‘मुहंदिस’ लिहू नये. ते अभियंत्याचं पद, आणि सौदीत त्यासाठी अभियंता परिषदेची नोंदणी लागते. व्हिसावर जो व्यवसाय येणार, त्याच्याशी पदनाम जुळलेलं बरं.

मथळ्यांचंही तसंच. अनुभवाला ‘अल-खिब्रात अल-अमलिय्या’ ठरलेलं आहे, पण ‘रेफरन्सेस’ला ‘अल-मराजिअ’ लिहिलं की संदर्भग्रंथांची यादी वाटते. ओळख देणाऱ्या माणसांसाठी ‘अल-मुअर्रिफून’ हवं.

अरबीत ‘प’ नाही, त्यामुळे पाटील ‘बातील’ होतात. शेजारी पासपोर्टवरचं इंग्रजी नाव ठेवावं. उजवीकडून डावीकडे मांडताना 2018–2022 उलटं दिसू शकतं, फोन नंबरचं अधिकचिन्ह दुसऱ्या टोकाला उडी मारतं. पाठवण्याआधी पीडीएफ दुसऱ्या फोनवर उघडून एवढं तरी बघावंच.